मुलाखतीची वेळ बदलून मागताना

मुलाखतीची वेळ बदलून मागणारा मेल रिक्रूटरकडे पोहोचतो, तेव्हा ती सर्वांत आधी काय करते, याची कल्पना उमेदवारांना सहसा नसते. उमेदवार खरे बोलतो आहे की नाही, याचा काथ्याकूट करत ती बसत नाही. ती कॅलेंडर उघडते. दुसऱ्या फेरीची मुलाखत असेल, तर समोर दोन-तीन जणांचे पॅनेल असते, त्यांपैकी प्रत्येकाच्या बैठका आधीच लागलेल्या असतात, आणि त्या सगळ्यांचा एकत्र मोकळा असा पाऊण तास शोधण्यासाठी तिने मूळ वेळ ठरवतानाच बरीच निरोपानिरोपी केलेली असते. आता ते सारे पुन्हा करायचे असते. मी बरीच वर्षे मुलाखती जुळवण्याचे काम केले आहे, आणि त्या अनुभवावरून ठामपणे सांगते की अशा मेलमधून रिक्रूटरला तीन गोष्टी हव्या असतात : कोणती मुलाखत होणार नाही, ती नक्की होणार नाही की अजून तळ्यात-मळ्यात आहे, आणि त्याऐवजी केव्हा घेता येईल. मेल वाचून झाल्याबरोबर तिला पॅनेलला निरोप धाडता आला, तर तुमचे काम झाले. त्यासाठी तिला तुम्हाला उलट दोन प्रश्न विचारावे लागले, तर मात्र मेलमध्ये कितीही नम्रता असली तरी तिच्या दृष्टीने तो अपुराच असतो.

नोकरी शोधणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाते, कारण त्याच्या मनात वेगळीच भीती असते. वेळ बदलून मागितली म्हणजे आपण गाफील ठरू, आपल्याला ही नोकरी तितकीशी नको आहे असे समोरच्याला वाटेल, या धास्तीने तो माफीवर माफी मागत जातो. माझ्या परिचयातली एक मुलगी अशाच पेचात सापडली होती. डेटा अ‍ॅनालिस्टच्या पदासाठी तिची पहिली फेरी चांगली झाली होती आणि दुसरी, तांत्रिक फेरी गुरुवारी १४ तारखेला सकाळी ११ वाजता ठरली होती. मंगळवारी संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला की तिच्या वडिलांची अँजिओग्राफी गुरुवारी सकाळी करायची आहे, आणि संमतिपत्रावर सही करायला व प्रक्रिया होईपर्यंत थांबायला घरातले कोणीतरी हवे. भाऊ दूरदेशी, आईची तब्येत तोळामासा. म्हणजे थांबायचे ते तिनेच. कारण शंभर टक्के खरे होते आणि टाळण्याजोगे नव्हते. तरीही तिने मला दाखवलेला पहिला मसुदा असा होता :

“आदरणीय मॅडम, सर्वप्रथम मी आपली मनापासून क्षमा मागते. आपण माझ्यासाठी एवढा वेळ काढलात आणि आता मला हे लिहावे लागत आहे, याचे मला अतिशय वाईट वाटते. असे करणे अव्यावसायिक आहे याची मला पूर्ण जाणीव आहे आणि एरवी मी कधीही अशी वागत नाही. माझ्या वडिलांना काही दिवसांपासून चालताना छातीत दुखत होते, त्यांची स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्यांना मधुमेहही आहे, त्यामुळे डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितले आहे. भाऊ परदेशात आहे आणि आईला झेपणार नाही. कृपया गैरसमज करून घेऊ नये. आपल्याला फार त्रास होणार नसेल, तर मुलाखत थोडी पुढे ढकलता येईल का? आपण म्हणाल त्या वेळी मी येईन. शक्य नसेल तरी मी समजू शकते. पुन्हा एकदा क्षमस्व.”

या मेलमध्ये खोटे किंवा उद्धट असे एक अक्षरही नाही, आणि तरीही तो पाठवू नकोस असे मी तिला सांगितले. त्यामागची कारणे सविस्तर सांगायला हवीत, कारण नेमक्या याच जागी भल्या माणसांचे नुकसान होते.

पहिली गोष्ट म्हणजे हा मेल एकट्या रिक्रूटरसाठी नसतो. तो पुढे जातो. “उमेदवाराला वेळ बदलून हवी आहे, खाली पाहा” एवढेच लिहून ती तो हायरिंग मॅनेजरला फॉरवर्ड करते, आणि ज्याने या मुलीला अजून पाहिलेलेही नाही असा माणूस तिचे पहिले शब्द म्हणून “हे अव्यावसायिक आहे याची मला जाणीव आहे” हे वाक्य वाचतो. हा शब्द त्याच्या मनात आलाही नसता. वडील रुग्णालयात आहेत म्हणून मुलगी मुलाखतीला येऊ शकत नाही, यात अव्यावसायिक काय आहे? पण तिने स्वतःच तो शब्द वापरल्यावर तो तिच्या नावाला चिकटतो. “एरवी मी कधीही अशी वागत नाही” या वाक्याचेही तेच. ते वाचल्यावर समोरच्याला, ही कशी वागते आहे बरे, असा प्रश्न पडतो. तोवर तो पडलेला नव्हता. अति माफीतला धोका मला हाच वाटतो. माफीमुळे माणूस दुबळा दिसतो असे लोक म्हणतात, ते असेल किंवा नसेल; पण जो आरोप कोणी केलेला नाही तो आपणच लेखी स्वरूपात स्वतःवर करून बसतो, हे नक्की.

दुसरी गोष्ट मागणीच्या जागेची. मूळ विनंती शेवटाकडे आली आहे. दिवसाला शंभरावर मेल येणारी रिक्रूटर मोबाइलवर वरच्या दोन ओळी पाहते आणि त्यावरून हा मेल आत्ता उघडायचा की संध्याकाळी, ते ठरवते. वरच्या दोन ओळींत निव्वळ क्षमायाचना असेल तर मुलाखत होणार नाही हे तिला कळतच नाही, आणि बुधवारचा अर्धा दिवस तसाच निघून जातो. ज्या सूचनेचे सारे मोल ती लवकर मिळण्यात आहे, ती शिष्टाचाराच्या थराखाली गाडली गेली तर उपयोग काय?

तिसरी गोष्ट कारणाच्या तपशिलाची, आणि तिच्यावर मी थोडी अधिक रेंगाळणार आहे. आपले कारण खरे असते, म्हणून ते पूर्ण सांगावे असे आपल्याला वाटते. जितका तपशील देऊ तितका विश्वास बसेल, असा हिशेब त्यामागे असतो. पण रिक्रूटरला त्या तपशिलाचे करण्यासारखे काहीच नसते. स्ट्रेस टेस्टचा निकाल वाचून तिचा निर्णय बदलत नाही. उलट, एका कुटुंबाची वैद्यकीय माहिती तिच्या हाती आली आणि आता ती पॅनेलला पाठवायची की गाळायची, असा एक अवघड प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. बहुतेक ठिकाणी उमेदवाराशी झालेला पत्रव्यवहार त्याच्या नोंदीसोबत जपला जातो. वडिलांचा मधुमेह तिथे कशाला जाऊन बसायला हवा? शिवाय भाऊ परदेशात, आई आजारी, हे सारे वाचून एखाद्या मॅनेजरच्या मनात, या मुलीला पुढेही अशा अडचणी येत राहतील का, हा अन्यायकारक पण मानवी प्रश्न येऊ शकतो. कारण सांगावे ते एका वाक्यात, नुसता प्रकार सांगावा तसे : कुटुंबातील वैद्यकीय प्रक्रिया, स्वतःचे आजारपण, घरातील निधन, सध्याच्या नोकरीतली आधीपासून ठरलेली बैठक, परीक्षा, न्यायालयातील तारीख. एवढ्याने समजूतदार माणसाचे समाधान होते, आणि ज्याचे होत नाही त्याचे दहा वाक्यांनीही होणार नाही. रिपोर्ट किंवा अपॉइंटमेंटचा कागद जोडण्याची तर मुळीच गरज नाही. तो मागितला गेला तर पुढचे पुढे, पण आपणहून जोडलेला कागद आपल्यावर अविश्वास आहे असे आपणच गृहीत धरल्यासारखा दिसतो.

मात्र एक तपशील असा आहे की तो अवश्य द्यावा : ही अडचण आपल्याला केव्हा कळली. “ही तारीख मला आज संध्याकाळीच कळली” या वाक्यात निष्काळजीपणाच्या शंकेचे सगळे उत्तर असते. निष्काळजी माणूस तो, ज्याला आठवड्यापूर्वी ठाऊक होते आणि जो आदल्या रात्री कळवतो. अडचण कळणे आणि ती कळवणे यांत किती वेळ गेला, यावरूनच रिक्रूटर काळजीपूर्वक वागणारा उमेदवार ओळखते. तेव्हा अंतर कमी असेल तर ते तिला दिसू द्यावे.

आता चौथी गोष्ट, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. “शक्य असल्यास”, “फार त्रास होणार नसेल तर”, “शक्य नसेल तरी मी समजू शकते” या वाक्यांवरून असे वाटते की कंपनीने नाही म्हटले तर ही मुलगी गुरुवारी ११ वाजता हजर राहील. ती राहणार होती का? नव्हती. मग तसे लिहिणे नम्र असले तरी दिशाभूल करणारे आहे. मेल लिहिण्याआधी स्वतःला विचारावे, की वेळ बदलली नाही तर मी जाणार आहे का? उत्तर “नाही” असेल, तर पहिले वाक्य माहितीचे असावे : मी उपस्थित राहू शकणार नाही. विनंती करायची ती नव्या वेळेची. उत्तर “हो, ओढाताण करून जाईन” असे असेल, उदाहरणार्थ सध्याच्या कार्यालयातली बैठक विनंती करून हलवता येण्यासारखी असेल, तर मग तेही खरे तसेच लिहावे : वेळ दुपारी सरकवता आली तर मला सोयीचे होईल, नाहीतर मी ठरल्या वेळी येते. या दोन परिस्थितींची सरमिसळ केली की रिक्रूटरला पॅनेलचा तास मोकळा करायचा की राखून ठेवायचा ते कळत नाही, आणि गुरुवारी ११ वाजता तीन माणसे व्हिडिओ कॉलवर एकमेकांची तोंडे पाहत बसण्याची शक्यता निर्माण होते.

राहिला नव्या वेळेचा प्रश्न. “आपण म्हणाल त्या वेळी मी येईन” हे वाक्य उदार वाटते, पण त्याने सगळे काम रिक्रूटरवर ढकलले जाते. शिवाय ते सहसा खरेही नसते, कारण तिने सुचवलेल्या पहिल्याच वेळेला आपल्याला काहीतरी आडवे येते आणि आता खरोखरीच ओशाळे व्हावे लागते. दोन किंवा तीन वेगवेगळ्या दिवशीचे पट्टे द्यावेत, आणि ते नुसते मुलाखतीपुरते नसून काही तासांचे असावेत, कारण तीन जणांची कॅलेंडरे एका नेमक्या अर्ध्या तासात बसवणे अवघड असते आणि चार तासांच्या पट्ट्यात सोपे. दिवसासोबत तारीख लिहावी, कारण “येत्या मंगळवारी” म्हणजे नेमका कोणता यावर गोंधळ होतो. पॅनेलमधले कोणी दुसऱ्या देशात असेल, तर वेळ कोणत्या प्रमाणवेळेनुसार आहे तेही लिहावे. आणि जे पट्टे दिले ते उत्तर येईपर्यंत खरोखर मोकळे ठेवावेत.

त्या मुलीने मला विचारले, “ताई, शुक्रवार देऊ का? लवकरात लवकरची वेळ दिली तर मला किती इच्छा आहे ते दिसेल.” मी तिला अँजिओग्राफीविषयी डॉक्टरांनी काय सांगितले आहे ते विचारले. या तपासणीनंतर रुग्णाला बऱ्याचदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण तपासणीत मोठा अडथळा दिसला तर त्याच बैठकीत स्टेंट बसवण्याचा निर्णय होऊ शकतो, आणि मग मुक्काम वाढतो. म्हणजे शुक्रवार हा तिच्या हातातला दिवस नव्हताच. उत्साहाने शुक्रवार देऊन तो पुन्हा बदलावा लागला असता, तर पहिल्या वेळचे सारे समजूतदारपण संपले असते. एकदा वेळ बदलणे ही नित्याची बाब आहे. दुसऱ्यांदा बदलताना कारण कितीही खरे असो, रिक्रूटरला पॅनेलसमोर तुमची बाजू मांडावी लागते, आणि प्रत्येक जण ती मांडेलच असे नाही. म्हणून अडचण संपण्याची जी सर्वांत उशिराची शक्यता असेल, तिच्या पलीकडचा दिवस द्यावा. माझ्या मते लवकरच्या वेळेपेक्षा पाळता येणारी वेळ दिल्यानेच तुमची इच्छा अधिक दिसते. आम्ही शुक्रवार सोडून दिला आणि पुढच्या आठवड्यातले तीन दिवस घेतले.

शेवटी तिने पाठवलेला मेल असा होता. मुलाखतीच्या निमंत्रणाचा जो मूळ मेल आला होता, त्यालाच तिने उत्तर दिले, म्हणजे आधीचा सगळा संदर्भ खाली आपोआप आला. विषयाच्या ओळीत तिने “वेळ बदलण्याची विनंती : डेटा अ‍ॅनालिस्ट, दुसरी फेरी, गुरुवार १४, सकाळी ११” असे लिहिले.

“नमस्कार मॅडम,

डेटा अ‍ॅनालिस्ट या पदासाठी गुरुवार, १४ तारखेला सकाळी ११ वाजता ठरलेल्या दुसऱ्या फेरीला मी उपस्थित राहू शकणार नाही. त्या सकाळी माझ्या वडिलांची रुग्णालयात एक वैद्यकीय प्रक्रिया ठरली असून मला तेथे थांबणे आवश्यक आहे. ही तारीख मला आज संध्याकाळीच कळली.

ही मुलाखत पुढील आठवड्यात घेता येईल का? सोमवार १८ रोजी दुपारी २ ते ६, मंगळवार १९ रोजी सकाळी १० ते दुपारी ४ आणि बुधवार २० रोजी सकाळी १० ते दुपारी १ या वेळांत मी मोकळी आहे. यांपैकी कोणतीही वेळ पॅनेलला सोयीची नसल्यास कृपया दुसरी सुचवावी. मी लगेच कळवेन.

पॅनेलच्या वेळा पुन्हा जुळवाव्या लागणार आहेत, त्याबद्दल दिलगीर आहे. पहिल्या फेरीत आपण ज्या कामाविषयी सांगितले, त्यामुळे या पदाविषयीची माझी उत्सुकता वाढली आहे. फोनवर बोलणे सोयीचे असेल तर आज रात्री ९ पर्यंत आणि उद्या दिवसभर मी उपलब्ध आहे.”

या मेलमध्ये दिलगिरी एकदाच आली आहे, आणि कशाबद्दल आली आहे ते पाहण्यासारखे आहे. वडिलांच्या आजाराबद्दल नाही, न येण्याबद्दलही नाही, तर समोरच्याला पडणाऱ्या एका नेमक्या जास्तीच्या कामाबद्दल. अशी दिलगिरी वाचणाऱ्याला सुखावते, कारण आपल्या कामाची कोणाला तरी जाण आहे हे तिला दिसते. मोघम क्षमायाचना वाचून मात्र तिला उलट सांत्वनच करावे लागते : अहो, काही हरकत नाही, काळजी करू नका. दिलगिरीची जागाही मी मुद्दाम शेवटाकडे ठेवायला सांगितली, कारण तोवर तिला हवे ते सगळे मिळून गेलेले असते. उत्सुकतेच्या वाक्याबद्दल एवढेच, की ते एकच असावे आणि त्यात पहिल्या फेरीतल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख असावा. “मला ही नोकरी मनापासून हवी आहे” असे तीनदा लिहिण्याने वजन वाढत नाही.

मेल मंगळवारी रात्री ८ च्या आत गेला. “कार्यालय बंद झाले असेल, सकाळी पाठवू का?” असे तिने विचारले होते. रात्री पाठवलेला मेल सकाळी पहिल्यांदा वाचला जातो आणि बुधवारचा अख्खा दिवस पॅनेलच्या हाती राहतो. सकाळी १० वाजता पाठवलेला मेल कदाचित दुपारी वाचला जाईल. शिवाय मेलवरची वेळ हीच तुमच्या तत्परतेची नोंद असते. कॅलेंडरमधले निमंत्रण तिने त्या रात्री नाकारले नाही, आणि मला ते बरोबर वाटले. नुसता नकार दाबला की तो पॅनेलमधल्या लोकांनाही कॅलेंडरमध्ये दिसू शकतो, आणि रिक्रूटरचा निरोप पोहोचण्याआधीच उमेदवाराने माघार घेतल्याचा समज पसरतो. निमंत्रणासोबत वेळ बदलण्याची लिंक दिलेली असेल, तर ती जरूर वापरावी, ती त्यासाठीच असते. पण त्यासोबत दोन ओळींचा मेलही पाठवावा, कारण लिंकवरून बदललेल्या वेळेला कारण नसते.

अडचण ऐनवेळची असेल, म्हणजे मुलाखतीला काही तासच उरले असतील, तर आधी फोन आणि मग मेल. फोनवर तेच तीन मुद्दे सांगावेत आणि “सविस्तर मेल करतेय” असे म्हणून थांबावे. फोन उचलला नाही तर मेसेज टाकावा, पण केवळ मेसेजवर विसंबू नये. रिक्रूटर दुसऱ्या मुलाखतीत बसलेली असू शकते आणि मेसेज पॅनेलला फॉरवर्ड करणे मेलइतके सोपे नसते. ताप चढला आहे, बोलताना धाप लागते आहे, अशा सकाळी उमेदवार तसेच कॉलवर बसतात आणि मग निम्म्यावर सांगतात की आज बरे नाही. त्यापेक्षा तासभर आधी आलेला फोन पॅनेलला शंभर पटींनी बरा वाटतो, कारण अर्धवट झालेल्या मुलाखतीचे मूल्यमापन कसे करायचे हे कोणालाच ठरवता येत नाही. मधे एखादी कन्सल्टन्सी असेल, तर मेल तिच्या रिक्रूटरलाच पाठवावा, परस्पर कंपनीला नाही. आणि तो असा लिहावा की तिला त्यातला एकही शब्द न बदलता पुढे पाठवता येईल.

बुधवारी दुपारपर्यंत उत्तर आले नव्हते. अशा वेळी शांत राहणे जड जाते, पण गप्प बसणे हा मार्ग नव्हे, कारण गुरुवारची मुलाखत कागदावर अजून उभी असते. तिने दुपारी १ च्या सुमारास फोन केला आणि “काल संध्याकाळी एक मेल पाठवला होता, तो पोहोचला का एवढेच विचारायचे होते” असे म्हणाली. मेल पोहोचला होता. पॅनेलमधल्या एका सदस्याच्या होकाराची वाट पाहणे चालू होते, कारण तो सोमवारी रजेवर असणार होता. त्या संध्याकाळी, मंगळवार १९ तारखेची दुपारी ३ ची वेळ पक्की झाल्याचे नवे निमंत्रण आले. ते तिने लगेच स्वीकारले आणि एका ओळीत आभार मानले. जुने निमंत्रण कॅलेंडरमधून निघाले आहे का, हे तिने तपासले, आणि व्हिडिओ कॉलची लिंक नवी आहे हे पाहून जुनी पुसून टाकली. मंगळवारी चुकून जुन्या लिंकवर जाऊन ती एकटीच वाट पाहत बसली असती, तर त्याचा खुलासा करणे पहिल्या विनंतीपेक्षा कितीतरी अवघड गेले असते.

सगळ्यांचेच असे सुरळीत होत नाही. काही मुलाखतींच्या वेळा हलवता येत नाहीत : एकाच दिवशी सगळ्या उमेदवारांची निवडप्रक्रिया असते, किंवा पॅनेल बाहेरून त्या दिवसापुरतेच आलेले असते, किंवा पद भरण्याची मुदत त्याच आठवड्यात संपत असते. अशा वेळी आलेल्या नकारात राग नसतो, आणि त्यावर आपल्या कारणाची आणखी कहाणी सांगून काही निष्पन्न होत नाही. तेव्हा एकच प्रश्न विचारण्यासारखा असतो : त्याच दिवशी वेगळी वेळ, किंवा व्हिडिओवर मुलाखत, असे काही शक्य आहे का? तेही नसेल, तर जायचे की सोडायचे हा निर्णय आपला, आणि तो त्याच दिवशी कळवावा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कोणाला तरी देता येते. अशा रीतीने माघार घेतलेल्या उमेदवारांना पुढच्या पदासाठी मी स्वतः फोन केले आहेत. न कळवता गैरहजर राहिलेल्यांना असा फोन सहसा जात नाही.

तयारी झाली नाही म्हणून वेळ बदलून हवी असते, तेव्हा काय करावे, असे मला अनेकांनी विचारले आहे. त्यासाठी आजारपणाचे किंवा घरच्या अडचणीचे कारण पुढे करू नये, एवढे मी स्पष्ट सांगते. ते पकडले जाते म्हणून नव्हे, तर पुढे खरीच अडचण आली तर तोच शब्द पुन्हा वापरता येत नाही म्हणून. मुलाखतीचा विषय किंवा स्वरूप ऐनवेळी बदलून कळवले गेले असेल, तर मात्र तसे उघड लिहून दोन दिवस मागणे रास्त आहे, आणि बऱ्याचदा ते मिळतातही.

मंगळवारी मुलाखत सुरू झाली, तेव्हा ती पॅनेलला म्हणाली, “वेळ बदलून दिल्याबद्दल आभारी आहे.” त्यांनी वडिलांची चौकशी केली, ती “आता घरी आहेत, बरे आहेत” एवढेच बोलली, आणि पहिला प्रश्न सुरू झाला.